संशोधन पद्धती कार्यशाळेसाठी रजेचा अर्ज: नर्सिंग ट्यूटरना पडणारे प्रश्न

संशोधन पद्धतीच्या कार्यशाळेला जाण्यासाठी प्राचार्यांकडे रजा मागणारे अर्ज मी लिहिलेही आहेत आणि मंजुरीसाठी टेबलावर आलेले वाचलेही आहेत. नाकारलेल्या बहुतेक अर्जांत कार्यशाळा चांगलीच होती. ‘तुम्ही नसताना वॉर्डात विद्यार्थ्यांसोबत कोण उभं राहणार?’ एवढं मात्र अर्जात कुठेच नव्हतं. म्हणून खालच्या उत्तरांत सगळ्यात जास्त जागा त्याच गोष्टीला दिली आहे.

पाच दिवसांच्या कार्यशाळेसाठी ‘अभ्यास रजा’ मागायची की दुसरी कुठली?

आधी आपल्या संस्थेचे सेवा नियम उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी ‘अभ्यास रजा’ ही काही महिन्यांच्या किंवा वर्षांच्या उच्च शिक्षणासाठी राखलेली असते. तिच्यासोबत किमान सेवेची अट येते, परत येऊन ठरावीक काळ नोकरी करण्याचा बॉन्ड येतो. पाच दिवसांसाठी ती मागितली तर कार्यालय ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत पाठवतं आणि त्यात आठवडा जातो. थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणासाठी सहसा कर्तव्य रजा किंवा विशेष रजा असते. काही संस्था त्यालाच अभ्यास रजा म्हणतात.

नाव नक्की माहीत नसेल तर आस्थापना विभागातल्या लिपिकांना विचारा. तरीही खात्री होत नसेल तर अर्जात ‘अभ्यास रजा, अथवा नियमांनुसार लागू असलेली अन्य रजा’ असं लिहा. एवढ्यानं अर्ज नुसत्या नावावरून अडकत नाही. पण किरकोळ रजा टाकून गुपचूप जाऊन येण्याचा मार्ग धरू नका. तसं गेलात तर कार्यशाळेचं प्रमाणपत्र सेवा नोंदीत लावताना अडचण येते आणि संस्थेनं तुम्हाला पाठवल्याचा कुठलाच कागद हाती राहत नाही.

अर्ज कधी आणि कुणामार्फत द्यावा?

महिनाभर आधी दिलेला बरा. वॉर्डचं पोस्टिंग रोटेशन आणि चाचण्यांचं वेळापत्रक साधारण तेवढं आधी सांगितलं तरच हलतं. अर्ज विभागप्रमुखांमार्फत जाऊ द्या आणि त्यांची शिफारस अर्जावरच घ्या. प्राचार्यांना आधी तोंडी सांगायला हरकत नाही, पण विभागप्रमुखांना ही बातमी प्राचार्यांकडून कळता कामा नये.

आवक नोंद करून पोच घ्या. ईमेलनं पाठवलात तरी कार्यालयाचा आवक क्रमांक मिळवा.

कार्यशाळेची गरज कशी मांडायची? ‘ज्ञानात भर पडेल’ पुरेसं नाही का?

नाही. ते वाक्य कुणाच्याही अर्जात चालेल, म्हणून ते कुणाच्याच अर्जाला बळ देत नाही. तुमच्या हातातलं एखादं काम शोधा, जे आत्ता अडतंय आणि या कार्यशाळेच्या कार्यक्रमपत्रिकेतल्या एखाद्या सत्रानं सुटेल. दोन्हींची सांगड एका परिच्छेदात घाला.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करता. एका गटाचा विषय आहे: शस्त्रक्रियेनंतर किती टक्के रुग्णांच्या वेदनेची नोंद ठरलेल्या वेळी होते. गटानं नमुना ६० रुग्णांचा धरला. का? तर आधीच्या बॅचनं ६० घेतले होते. प्रकल्पांच्या वह्या चाळल्या तर हे कारण अनेकदा सापडतं.

आता हिशोब करून बघा. प्रमाण आधी माहीत नसेल तर ते ५० टक्के धरतात, कारण त्यात सर्वात मोठा नमुना लागतो. ९५ टक्के विश्वासपातळी ठेवली आणि उत्तर १० टक्के इकडेतिकडे चालेल असं मानलं, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.१ चा वर्ग, म्हणजे ९६.०४. नमुना नेहमी वरच्या पूर्णांकाला नेतात, म्हणून ९७. दहा टक्के नोंदी अपुऱ्या निघतील असं धरलं तर ९७ भागिले ०.९, म्हणजे १०८. साठ रुग्णांवर थांबलो तर उत्तर १३ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. म्हणजे अभ्यासात ५० टक्के आले, तर खरं प्रमाण ३७ ते ६३ यांत कुठेही असू शकतं. त्यावरून वॉर्डानं आपली पद्धत बदलावी असं कुणाला सांगणार?

हे गणित रुग्णांची एकूण संख्या मोठी असेल आणि एकच प्रमाण काढायचं असेल तेव्हाचं. दोन गटांची तुलना करायची असेल किंवा शिकवण्याआधी आणि नंतरचे गुण पाहायचे असतील तर सूत्र वेगळं लागतं. अनेक ट्यूटर अडतात ते नेमकं तिथे. अर्जात हे गणित उतरवू नका, पण त्याचा निष्कर्ष दोन ओळींत लिहा: प्रकल्पांत नमुना गणना न करता ठरतो आहे, आणि कार्यशाळेत त्यासाठी प्रत्यक्ष सरावाचं सत्र आहे. प्राचार्यांना यातून एक अडचण दिसते आणि तिचा उपायही.

पण असं लिहिलं तर ‘तुम्हाला हे आत्ताच यायला हवं होतं’ असं ऐकावं लागेल ना?

क्वचित. त्रुटी प्रकल्पाच्या पद्धतीतली म्हणून मांडा, विद्यार्थ्यांची किंवा सहकाऱ्यांची म्हणून नाही. ‘सध्या नमुना मागील बॅचच्या आधारे ठरतो’ हे वाक्य कुणावर बोट ठेवत नाही, पण खरं सांगतं. आणि नर्सिंगचं शिक्षण घेतलेल्या माणसाला संख्याशास्त्र आपोआप येत नाही, हे प्राचार्यांनाही ठाऊक असतं.

माझ्या गैरहजेरीत तासांची सोय कशी दाखवू?

वर्गातले तास सोपे असतात. सहकाऱ्यांशी अदलाबदल करा, पण ती जाण्याआधीच्या आठवड्यात. ‘परत आल्यावर भरून काढीन’ असं पाचपैकी चार जण लिहितात. परतल्यावर चाचणी असते, सुट्टी येते, नाहीतर दुसरं कुणी रजेवर जातं, आणि ते तास तसेच राहतात. आधीच्या आठवड्यात तुम्ही सहकाऱ्यांच्या तासाला शिकवलंत की तुमच्या आठवड्यात ते तुमच्या तासाला शिकवतील. विद्यार्थ्यांचा एकही तास बुडत नाही आणि तुमच्यावर देणं उरत नाही.

आणि वॉर्डमधल्या पोस्टिंगचं?

मंजुरी अडते ती इथेच, आणि बरोबरच अडते. वर्गातला तास चुकला तर तो पुन्हा घेता येतो. वॉर्डात विद्यार्थिनी इंजेक्शन भरत असताना शेजारी शिक्षक नसेल, तर त्याची झळ रुग्णाला बसते.

‘वॉर्ड सिस्टर लक्ष ठेवतील’ असं लिहिलेला अर्ज मी तरी पुढे पाठवणार नाही. सिस्टरांकडे पूर्ण वॉर्ड असतो. त्या मदत करतील, पण दहा विद्यार्थ्यांनी काय करायचं, काय अजून करायचं नाही, आणि कुणाची कुठली प्रक्रिया व्हायची आहे, हे ठरवणं त्यांचं काम नाही. विद्यार्थ्यांचे दोन भाग करून इतर गटांत टाकू, हाही उपाय कागदावर नीट दिसतो. पण दहाच्या गटात पाच आणखी आले की एका शिक्षकाकडे पंधरा होतात. मग निम्मी मुलं नुसती उभी राहतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणी न बघता काहीतरी करतात.

म्हणून प्रत्येक सकाळसाठी एका ट्यूटरचं नाव लिहा आणि त्यांची संमतीची सही सोबत जोडा. शिवाय तीन गोष्टी ठरवून त्या लेखी द्या. पहिली, त्या आठवड्यात कुठलीही नवी प्रक्रिया सुरू करायची नाही. विद्यार्थ्यांनी आधी देखरेखीखाली केलेल्या प्रक्रियांचाच सराव करायचा. दुसरी, गटातल्या कुणाला जास्त मदत लागते हे बदली ट्यूटरना सांगून ठेवायचं. निर्जंतुक ड्रेसिंगमध्ये एखादा विद्यार्थी वारंवार हात चुकीच्या जागी लावत असेल, तर ते सोमवारी सकाळी त्यांना माहीत हवं. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: प्रक्रिया वहीत सही ज्यांनी ती प्रक्रिया पाहिली त्यांचीच असली पाहिजे. परत आल्यावर आठवड्याच्या सह्या एकत्र करून टाकायच्या नाहीत. तुम्ही त्या दिवशी गावातच नव्हता हे रजेच्या नोंदीत असतं, आणि वहीत मात्र त्याच तारखेला तुमची सही असते. तपासणीत हे लगेच पकडलं जातं, आणि पकडलं गेलं नाही तरी ते खोटंच आहे.

एक पूर्ण अर्ज नमुन्यादाखल मिळेल का?

हा घ्या. परिस्थिती अशी: कार्यशाळा सोमवार ९ ते शुक्रवार १३ मार्च, दुसऱ्या गावी. शनिवार १४ हा परतीच्या प्रवासाचा. १६ मार्चपासून अंतर्गत चाचणी आहे आणि प्रश्नपत्रिका देण्याची मुदत ११ मार्च, म्हणजे ऐन कार्यशाळेत.

> दिनांक: ५ फेब्रुवारी
>
> प्रति,
> मा. प्राचार्य,
> (महाविद्यालयाचे नाव)
>
> मार्फत: विभागप्रमुख, मेडिकल-सर्जिकल नर्सिंग
>
> विषय: संशोधन पद्धती कार्यशाळेसाठी ९ ते १४ मार्च या कालावधीत अभ्यास रजा मिळणेबाबत
>
> महोदया,
>
> मी मेडिकल-सर्जिकल नर्सिंग विभागात ट्यूटर म्हणून कार्यरत आहे. (आयोजक संस्थेचे नाव) येथे ९ ते १३ मार्च या कालावधीत आरोग्यसेवेतील संशोधन पद्धतींवर कार्यशाळा आहे. तिला उपस्थित राहण्यासाठी ९ ते १४ मार्च असे सहा दिवस अभ्यास रजा, अथवा नियमांनुसार लागू असलेली अन्य रजा, मंजूर व्हावी, ही विनंती. १४ मार्च हा परतीच्या प्रवासाचा दिवस आहे. मी १६ मार्च रोजी सकाळी रुजू होईन.
>
> मी चौथ्या वर्षाच्या चार प्रकल्प गटांना मार्गदर्शन करते. या प्रकल्पांत नमुन्याची संख्या सध्या मागील बॅचच्या आधारे ठरते, गणना करून नव्हे. कार्यशाळेच्या तिसऱ्या व चौथ्या दिवशी नमुना गणना व प्रश्नावलीची विश्वसनीयता तपासणे यांवर सरावाची सत्रे आहेत. आमच्या गटांची माहिती संकलनाची सुरुवात एप्रिलमध्ये असल्याने ही दुरुस्ती याच बॅचमध्ये करता येईल.
>
> माझ्या अनुपस्थितीतील व्यवस्था पुढीलप्रमाणे केली आहे. दुसऱ्या वर्षाचे माझे चार तास विभागातील दोन सहकारी घेतील. त्या बदल्यात मी २ ते ६ मार्च या आठवड्यात त्यांचे चार तास घेईन. सर्जिकल वॉर्डमधील दहा विद्यार्थ्यांच्या गटाची जबाबदारी सोमवार व बुधवारी (पहिल्या सहकाऱ्यांचे नाव) आणि शुक्रवारी (दुसऱ्या सहकाऱ्यांचे नाव) घेतील. त्या आठवड्यात गटाला नवीन प्रक्रिया दिली जाणार नाही आणि प्रक्रिया वहीत प्रत्यक्ष उपस्थित ट्यूटर सही करतील. प्रकल्प गटांची बुधवारची बैठक ६ मार्च रोजी घेतली जाईल. चाचणीची प्रश्नपत्रिका व उत्तरसूची मी ६ मार्च रोजी मोहोरबंद पाकिटात परीक्षा विभागाकडे देईन.
>
> परतल्यावर ३१ मार्चपूर्वी चारही प्रकल्पांची नमुना गणना नव्याने करून आपल्याकडे सादर करीन आणि विभागातील शिक्षकांसाठी दोन तासांचे सत्र घेईन.
>
> नोंदणी शुल्क व प्रवास खर्च मी स्वतः करणार आहे. नोंदणीची अंतिम तारीख १६ फेब्रुवारी असल्याने त्यापूर्वी निर्णय कळावा, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, पदनाम, सही)
>
> सोबत: १. कार्यशाळेचे माहितीपत्रक व कार्यक्रमपत्रिका २. दोन्ही सहकाऱ्यांची लेखी संमती ३. २ ते १३ मार्चचे बदललेले वेळापत्रक

अर्ज एका पानात बसतो. तारखा पहिल्याच परिच्छेदात आहेत, कारण प्राचार्य आधी दिनदर्शिका बघतात. प्रश्नपत्रिकेची मुदत अर्जदारानं स्वतःहून काढली आहे. ती दडवली असती तर परीक्षा विभागानं काढलीच असती, आणि मग मंजुरी त्यावरच अडली असती.

प्रवासाचा दिवस वेगळा का लिहायचा?

कारण तो विसरला की तो दिवस तुमच्या किरकोळ रजेतून जातो, किंवा नुसती गैरहजेरी लागते. जातानाचा दिवस रविवारी येत असेल तर मागायची गरज नाही, पण मुख्यालय सोडायला परवानगी लागत असेल तर ती याच अर्जात मागून घ्या.

शुल्क संस्थेनं भरावं असं वाटत असेल तर?

माझं मत: रजेचा आणि पैशाचा अर्ज वेगळा ठेवा. रजा प्राचार्य स्वतः मंजूर करू शकतात. पैशाला बहुतेक ठिकाणी लेखा विभाग किंवा व्यवस्थापन लागतं. दोन्ही एका कागदावर असले की रजाही लेखा विभागाच्या टेबलावर पडून राहते.

आयोजकांनी अजून निवड कळवलेली नाही. थांबू का?

थांबू नका. ‘निवड झाल्यास’ असं स्पष्ट लिहून अर्ज द्या आणि निवडपत्र आल्यावर त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन जोडा. काही आयोजक उलट संस्थेचं ना-हरकत पत्र आधी मागतात. तसं असेल तर त्याच अर्जात ‘ना-हरकत पत्र मिळावे’ ही ओळ घाला. तारखा बदलल्या तर मात्र जुन्या मंजुरीवर जाऊ नका. नवा अर्ज द्या, आणि वॉर्डची सोयही पुन्हा ठरवा, कारण ज्या सहकाऱ्यांनी आधीच्या तारखांना होकार दिला त्या नव्या तारखांना मोकळ्या असतीलच असं नाही.

प्राचार्य तोंडी ‘हो’ म्हणाल्या. तेवढ्यावर नोंदणी करू का?

लेखी आदेशाची वाट बघा. नोंदणीची तारीख अगदी जवळ असेल तर एवढं तरी करा: त्याच दिवशी एक छोटा ईमेल पाठवा. ‘आज आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार ९ ते १४ मार्चच्या रजेस आपण संमती दर्शवली आहे. नोंदणीची अंतिम तारीख १६ फेब्रुवारी असल्याने मी नोंदणी करत आहे. लेखी आदेश कृपया निर्गमित व्हावा.’ भाषा सौम्य ठेवा. तुम्ही पुरावा गोळा करताय असं वाटता कामा नये, आणि तसा हेतू नसावाही. प्राचार्यांच्या डोक्यात दिवसाला वीस गोष्टी असतात. त्यांनाही आठवण लागते.

नकार आला तर?

कारण विचारा, आणि ते अर्जावर शेऱ्याच्या रूपात मिळेल का हेही विचारा. कारणं साधारण दोन प्रकारची असतात. एक त्या आठवड्याचं: तपासणी आहे, परीक्षा आहे, विभागातले आणखी कुणी आधीच रजेवर आहे. हे खरं असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. कार्यशाळेच्या पुढच्या बॅचच्या तारखा विचारून आत्ताच लेखी द्या, म्हणजे तेव्हा तुमचा अर्ज आधीचा ठरेल.

दुसरं कारण व्यवस्थेवरच्या शंकेचं: ‘वॉर्डचं काय होईल सांगता येत नाही.’ याला उत्तर देता येतं. बदली ट्यूटरना घेऊन प्राचार्यांना भेटा आणि त्यांना स्वतः सांगू द्या की त्या तयार आहेत. असे नकार याच भेटीत फिरलेले मी पाहिले आहेत. शुक्रवारचीच अडचण असेल तर चार दिवस हजर राहून चालतं का हे आयोजकांना विचारा. पण कार्यशाळा जोडलेली असेल, म्हणजे तिसऱ्या दिवशी केलेलं काम पाचव्या दिवशी तपासलं जाणार असेल, तर अर्धवट जाऊ नका. बहुतेक आयोजक पूर्ण हजेरीशिवाय प्रमाणपत्र देत नाहीत, आणि ते नसेल तर रजा नियमित करतानाही प्रश्न येतो.

कार्यशाळा ऑनलाइन असेल तर रजा लागतेच का?

लागते, जर ती कामाच्या वेळेत असेल. ‘स्टाफरूममध्ये बसून ऐकीन’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी अडवते. सत्र सुरू असतं, दारात विद्यार्थी उभा असतो, फोन वॉर्डातून येतो. शेवटी तुमचं नाव उपस्थितांच्या यादीत असतं आणि गणित मात्र डोक्यात शिरलेलं नसतं. वॉर्डात उभं राहून कानात सत्र चालू ठेवणं तर अजिबात नको. ऑनलाइनसाठीही वरचाच अर्ज चालतो. फक्त प्रवासाचा दिवस काढा आणि सत्र घरून करणार की महाविद्यालयाच्या एखाद्या बंद खोलीतून, ते लिहा.

परत आल्यावर काय काय द्यावं लागतं?

रुजू अहवाल त्याच सकाळी. हजेरी प्रमाणपत्राची प्रत आस्थापना विभागाला, कारण त्याशिवाय रजा नियमित होत नाही. बदली ट्यूटरकडून वॉर्डचा आठवडा समजून घ्या: कुणी काय केलं, काय राहिलं, एखादी घटना घडली का. नंतर अर्जात कबूल केलेल्या गोष्टी, म्हणजे वरच्या उदाहरणात चार प्रकल्पांची गणना आणि दोन तासांचं सत्र, ठरलेल्या तारखेला द्या. गणना करून नमुना ६० वरून १०८ वर गेला आणि विद्यार्थ्यांना उपलब्ध वेळेत तेवढे रुग्ण मिळणार नसतील, तर तेही अहवालात लिहा. मग दोन गटांनी मिळून एकच विषय घ्यायचा की अचूकतेची मर्यादा उघडपणे नोंदवून छोटा नमुना ठेवायचा, हे ठरवता येतं. नमुना संख्या बदलली तर त्याला नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी लागते, तेव्हा माहिती संकलन सुरू होण्याआधी ते पत्र देऊन मंजुरी मिळवा.